किमतीचा रकाना खोडा

पनवेलमध्ये निकाहच्या हॉलच्या दाराशी टेबल टाकून एक जण आहेराची वही घेऊन बसतो. नाव, वस्तू, अंदाजे किंमत, प्रसंग असे चार रकाने. वहीला माझा विरोध नाही. कुणी काय दिलं हे लक्षात राहतं, तीच कढई त्याच घरी परत जात नाही. माझं भांडण तिसऱ्या रकान्याशी आहे.

समजा, २०१० साली कुणी दोन ग्रॅमची सोन्याची अंगठी दिली. वहीत लिहिलं, ३,८०० रुपये. २०२४ मध्ये त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा तशीच अंगठी चौदा हजारांच्या आसपास. आता ३,८०० रुपये पाकिटात घातले तर ते हिशेब धरणार, अंगठी नेली तर आपलं कंबरडं मोडणार. म्हणजे परतफेडीसाठीसुद्धा हा आकडा कुचकामीच.

त्यात ‘घेतलं त्याहून थोडं चढ द्यायचं’ हा आपला रिवाज. सूरह रूमची ३९वी आयत लोकांच्या मालातून वाढावं म्हणून दिलेल्याविषयी बोलते. अनेक मुफस्सिरांनी तिचा रोख जास्त परत मिळावं म्हणून दिलेल्या भेटीकडे असल्याचं सांगितलंय. पैगंबर (स.) भेट स्वीकारत, बदल्यात भेट देतही. पण ऐपतीप्रमाणे दिलेली भेट वेगळी आणि वसूल होणारं कर्ज वेगळं.

या वसुलीच्या धास्तीनं एखादी विधवा दावत चुकवते. तिच्या नावापुढे वस्तू लिहा, दुआ लिहा. किंमत नको.