चित्रण करणाऱ्या घड्याळाला होकार देण्यापूर्वी

परदेशातील लहान पेढ्यांचे हिशेब घरी बसून लिहिण्याचे काम आपल्या कुटुंबांतील अनेक मुले, मुली आणि सुना करू लागल्या आहेत. दर ठरतो, कामाचे स्वरूप ठरते आणि अखेरच्या पत्रात एक वाक्य येते : काम आमच्याच प्रणालीवर करावे लागेल, तीत वेळ मोजला जाईल आणि स्क्रीनचे चित्रण होईल. काम हातचे जाऊ नये म्हणून बहुतेक जण लगेच होकार कळवतात. नकार द्यावा असे येथे सुचवायचे नाही. मालाला पैसे मोजणाऱ्याने वजनकाटा पाहावा, यात गैर काही नाही. परंतु काटा कोणता आहे आणि तो काय तोलतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे.

‘चित्रण’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात. अपवर्कच्या घड्याळात साधारणपणे दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एकदा, कोणत्याही क्षणी, स्क्रीनचे छायाचित्र घेतले जाते. कळा किती वेळा दाबल्या याची गणती होते. कोणती अक्षरे टंकली याची नोंद होत नाही. नको असलेले छायाचित्र काम करणाऱ्याला काढून टाकता येते, मात्र त्याबरोबर त्या दहा मिनिटांची मजुरीही जाते. हबस्टाफसारख्या प्रणालीत छायाचित्रे किती घ्यायची आणि ती धूसर करायची की नाही, हे काम देणारा ठरवतो. काही प्रणाली स्क्रीनची सलग चित्रफीत ठेवतात. काही तर घड्याळ चालू करण्याचीही वाट पाहत नाहीत; संगणक सुरू झाला की मागे गुपचूप चालू राहतात. हा शेवटचा प्रकार पेढीने स्वतः दिलेल्या संगणकासाठी असतो. घरच्या संगणकावर त्याला जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यापारी घरात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण घरचा संगणक क्वचितच एकाचा असतो. त्यावर दुकानाचे टॅली उघडे असते, बँकेचे खाते असते, मालाच्या खरेदीचे भाव असतात. कोपऱ्यात व्हॉट्सअॅपचा निरोप उमटतो आणि त्यात एखाद्या पार्टीचे नाव व येणे रक्कम असते. छायाचित्र नेमके त्याच क्षणी निघाले, तर दुकानाची वही परक्या देशातील परक्या माणसापुढे उघडली गेली. दोन स्क्रीन जोडलेल्या असतील तर काही प्रणालींत दोन्ही टिपल्या जातात, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शिवाय आपण दुसऱ्या ग्राहकाचेही हिशेब लिहीत असू, तर त्याच्या आकड्यांची गुप्तता राखण्याचे वचन आपण दिलेले असते. ते वचन मोडल्याचा दोष घड्याळावर ढकलता येत नाही.

म्हणून पहिली तपासणी संगणकावरच करावी. मॅक संगणकात `Privacy & Security` या भागात प्रत्येक प्रणालीने मागितलेल्या परवानग्या दिसतात. स्क्रीन टिपण्याची परवानगी लागणारच. परंतु `Input Monitoring` मागितले गेले, तर इतर खिडक्यांत टंकलेली अक्षरेही वाचण्याची मुभा आपण देत आहोत, हे ओळखावे आणि तिचे कारण लेखी विचारावे. विंडोजवर नेहमीची प्रणाली बसवताना अशी वेगवेगळी विचारणा होत नाही. तेथे ग्राहकाच्या लेखी उत्तरावरच विसंबावे लागते. या कामापुरते संगणकात वेगळे वापरकर्ता खाते उघडावे. त्यात दुकानाचे काही ठेवू नये, व्हॉट्सअॅप जोडू नये, आणि काम संपताच त्यातून बाहेर पडावे. अर्थात प्रणालीने संपूर्ण संगणकाचा ताबा मागितला, तर वेगळ्या खात्याची भिंत पुरेलच असे नाही. तेव्हा जुना का होईना, स्वतंत्र संगणक वापरणे बरे.

दुसरी तपासणी मजुरीची आहे. ती मी अधिक महत्त्वाची मानतो, कारण तिचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. घड्याळ कळांची व माउसची हालचाल पाहते. काही मिनिटे हालचाल झाली नाही, तर ते थांबते किंवा तो वेळ वजा करते. किती मिनिटांनी, हे अनेक प्रणालींत काम देणाऱ्याने ठरवलेले असते आणि आपण विचारल्याखेरीज ते कोणी सांगत नाही.

समजा, एका मुलीला तासाला ६०० रुपये दराने हिशेबाचे काम मिळाले आहे. करारापूर्वी तिने पूर्ण मोबदल्यावर एक दिवस चाचणीचा मागून घेतला. त्या दिवशी घड्याळाबरोबरच तिने शेजारी कागदावर स्वतःची नोंद ठेवली. ती सहा तास कामावर होती, म्हणजे दहा मिनिटांचे ३६ तुकडे; प्रत्येकाचे मोल १०० रुपये. घड्याळाने धरले २९. कागद पाहिल्यावर कारण कळले. चार तुकडे ग्राहकाच्याच कार्यालयाशी फोनवर बोलण्यात गेले होते आणि तीन तुकडे बँकेचे छापील उतारे पेन्सिलीने ताळा करण्यात. दोन्ही कामे अस्सल, पण माउस हलला नव्हता. ३,६०० रुपयांच्या जागी २,९०० झाले. महिन्याला २२ दिवस धरले, तर ही तूट १५,४०० रुपयांची होते.

आता तिच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. फोनचा आणि कागदावरील कामाचा वेळ हाताने नोंदता यावा, त्याला रोज एका ठरावीक मर्यादेपर्यंत मान्यता मिळावी, असे करारात लिहून घेणे हा एक. ते शक्य नसेल तर दर वाढवून मागणे हा दुसरा. तेच ३,६०० रुपये २९ तुकड्यांतून यायचे असतील, तर तासाला सुमारे ७४५ रुपये हवेत. हा हिशेब कागदासह मांडला, तर समंजस ग्राहक निदान एक मार्ग मान्य करतो. जो चाचणीचा एक दिवसही नाकारतो, त्याच्या पुढील वागण्याचा अंदाज तेथेच करावा. माउस आपोआप हलवणारी साधने बाजारात मिळतात, त्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. ती खोटी नोंद आहे, आणि छायाचित्रात तीच ती न बदलणारी स्क्रीन दिसली की पकडलीही जाते.

काम अपवर्कमार्फत मिळाले असेल आणि ग्राहक स्वतःचे निराळे घड्याळ वापरायला सांगत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. तासाच्या कामावर अपवर्क जे पैशांचे संरक्षण देते, ते त्याच्याच घड्याळाने मोजलेल्या वेळेला असते. ग्राहकाच्या घड्याळावरील तास हाताने भरलेले तास ठरतात आणि त्यांना ते संरक्षण लागू होत नाही. अशा वेळी आठवड्याचे देणे कोणत्या वारी चुकते होईल आणि आकड्यांत तफावत आली तर कोणाची नोंद ग्राह्य धरायची, हे ग्राहकाशी लेखी ठरवून घ्यावे.

ग्राहकाला पाठवायचे पत्र मोठे असण्याची गरज नाही. चित्रण केवळ घड्याळ चालू असतानाच होते का, ते कोण कोण पाहते, किती दिवस ठेवले जाते, चुकून टिपलेला खासगी भाग काढून टाकता येतो का आणि घड्याळ बंद पडले तर त्या दिवसाचा वेळ कसा धरतात, एवढे विचारले तरी पुरते. उत्तर ईमेलनेच मागावे. फोनवर मिळालेले आश्वासन, बोलणारा माणूस बदलला की हरवते. काम सुटल्यावर प्रणाली संगणकातून काढून टाकावी, दिलेल्या परवानग्या बंद करून पाहाव्यात, आणि जुने चित्रण नष्ट केल्याचे ग्राहकाकडून दोन ओळींत लिहून घ्यावे. शेवटच्या बिलाचे पैसे मात्र त्याआधी खात्यात जमा झालेले असावेत. कारण वेळेबद्दल वाद निघाला, तर ते चित्रणच आपलाही पुरावा असते.