लाच खर्ची पडते तेव्हा

पेशवाईतल्या परगण्याच्या जमाखर्चात ‘अंतस्थ’ किंवा ‘दरबारखर्च’ अशी एक बाब असे. मामलेदाराने पुण्यातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायची ती रक्कम, म्हणजे सरळ लाच. ती भागवायला मामलेदार रयतेवर सरकारी साऱ्याच्या वर सादिलवार पट्टी बसवी. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात या रकमेचा प्रवास सांगितला आहे. चोरून दिली जाणारी लाच हळूहळू ठरलेला हक्क बनली आणि बाकी खर्चासारखी रीतसर तपासली जाऊ लागली. पण मग तपासणाऱ्याला गप्प कशाने ठेवायचे? त्यासाठी पट्टीत आणखी वाढ झाली. या नाजूक व्यवहारात कोणी फार खोल शिरत नसल्यामुळे मामलेदार आश्रयदात्यांच्या नावाने गोळा करी, त्यातला मोठा वाटा स्वतःच ठेवी.

काम दुसऱ्यावर सोपवले की हा पेच येतोच. अर्थशास्त्रात त्याला ‘प्रिन्सिपल-एजंट’ समस्या म्हणतात. आपण मालक आणि मुखत्यार म्हणू. परगण्यात पीक किती आले, सूट खरोखर किती दिली, हे मुखत्याराला ठाऊक असते. मालकाला कळते ते मुखत्याराच्या कागदावरून. दोघांचे हित एक नसते, आणि मधली जागा लबाडीला मोकळी सापडते: जमा लपवायची, न दिलेली सूट खर्ची टाकायची, हजेरीपटावर नसलेले शिपाई दाखवायचे.

जुन्या मराठी राज्यकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. मामलेदाराच्या शेजारी दिवाण, मजुमदार, फडणीस असे दरखदार बसवलेले असत. त्यांची नेमणूक थेट हुजुरातून होई आणि मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. शिवाय वंशपरंपरेने वतन भोगणाऱ्या देशपांड्याचे वेगळे दफ्तर असे. दोन्ही हिशेब ताडून पाहता येत. एकच माहिती दोन हातांनी मालकापर्यंत पोचावी, ही युक्ती पक्की होती. मात्र ती चालण्यासाठी दोन अटी लागतात. हे दोन हात एकमेकांत मिळालेले नसावेत, आणि मालकाला खरा हिशेब हवा असावा.

पहिली अट अंतस्थाने मोडली, दुसरी दुसऱ्या बाजीरावाने. त्याच्या काळात मामलती अनुभव आणि सचोटी पाहून देणे मागे पडले आणि त्यांचा लिलाव सुरू झाला. समजा, एका परगण्याचा रास्त वसूल एक लाख आहे. कोणी एक लाख दहा हजारांची बोली करून तो घेतो. पुढच्या वर्षी कोणी वीस हजार चढवले की परगणा त्याच्याकडे जाणार, म्हणून वरचे दहा हजार आणि स्वतःचा नफा त्याला याच वर्षात काढायचा आहे. तो तालुके पोटमक्त्याने देतो, पोटमक्तेदार पाटलाच्या गळ्यात आकडा बांधतो, आणि शेवटी तो उतरतो शेतकऱ्याच्या खळ्यावर. पुढल्या साली ही जमीन पडीक राहिली तरी मक्तेदाराचे काही जात नाही. त्यामुळे चौकशीला त्याला सवड नाही आणि दयामाया दाखवायला कारणही नाही.

इथे मालक-मुखत्यार सिद्धान्ताची मर्यादाही दिसते. मुखत्यार फसवतो आणि मालक फसतो, असे हा सिद्धान्त गृहीत धरतो. इथे मालकानेच रक्कम आधी घेऊन डोळे मिटले होते. बोली लावलेल्या मक्त्यात हिशेब तपासण्याची त्याला गरजच उरली नाही, आणि ज्या रयतेच्या खिशातून हे सगळे जात होते तिला हिशेब मागण्याचा हक्क नव्हता. मुखत्याराची चोरी पकडायला दरखदार पुरतो, पण मालकाच्या विक्रीपुढे तो काय करणार?

१८१८नंतर कंपनी सरकारने मक्ते बंद करून पगारी मामलेदार नेमले, तरी पेच सुटला नाही. पुढच्या दशकात कंपनीचा अधिकारी प्रिंगल याने जमिनीची मोजणी केली, तेव्हा हाताखालच्यांनी पैसे घेऊन जमिनीच्या प्रती बदलल्या आणि ती मोजणी वाया गेली. नंतरच्या विंगेट-गोल्डस्मिड मोजणी पद्धतीत त्यावर साधा इलाज होता: कारकुनाने प्रत लावलेली काही शेते वरिष्ठाने स्वतः शेतात उतरून पुन्हा तपासायची. यात भरवसा कागदावर नव्हता, मातीवर होता.

महाराष्ट्राने २००५मध्ये बदल्यांचा कायदा करून अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षे ठरवला. वर्षाच्या बोलीने काय होते हे ज्या मुलखाने भोगले, तिथे या कलमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. बदलीची फाइल मुदतीआधी हलली, तर ‘कामात कसूर झाली का?’ एवढेच विचारून भागणार नाही. नव्या माणसाने ती जागा कशी मिळवली आणि त्याची भरपाई तो कोणाच्या खळ्यावरून करणार, हेही विचारले पाहिजे.