पाळणाघराचे दरपत्रक

नोकरी करणारी स्त्री मुलासाठी पाळणाघर शोधू लागली की तिच्यासमोर प्रथम येतो तो महिन्याच्या फीचा आकडा. शेजारीण सांगते पाच हजार, कचेरीतील मैत्रीण सांगते आठ हजार, आणि पाच आठाहून कमी हे उघडच असल्यामुळे निर्णय तेथेच होऊन जातो. वस्तुतः हे दोन आकडे एकाच वस्तूचे भाव नसतात. किती तास, कोणाच्या खर्चाने जेवण, किती मुलांमागे किती बाया आणि उशीर झाल्यास काय आकारणी, या चार गोष्टी उलगडल्यावाचून त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

उदाहरणादाखल दोन पाळणाघरे कल्पू. पहिल्याची फी ५,००० रुपये. वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५. पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला ५० रुपये, आणि अर्धा तास सुरू झाला की तो पुरा मोजायचा. डबा घरचा. मुले २४, सांभाळणाऱ्या बाया दोन. दुसऱ्याची फी ८,००० रुपये. वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ७. दुपारचे जेवण व संध्याकाळचा खाऊ फीमध्येच. सातनंतर अर्ध्या तासाला १०० रुपये. मुले १८, बाया तीन.

दरपत्रकावरील तासांनी भागले तरी पहिलेच स्वस्त ठरते. महिन्याचे कामाचे दिवस २४ धरले तर पहिल्याचा तास सुमारे २६ रुपयांना पडतो, दुसऱ्याचा ३० रुपयांना. परंतु भागाकार करावयाचा तो पाळणाघर उघडे असलेल्या तासांनी नव्हे, तर मूल प्रत्यक्ष तेथे राहते त्या तासांनी. बँकेतील एखादी कर्मचारी घ्या. ती नऊला मूल सोडते आणि लोकल गाठून साडेसहाला परत येते. पहिल्या पाळणाघरात तिचे रोज तीन अर्धे तास जादा होतात, म्हणजे १५० रुपये, महिन्याचे ३,६००. डब्यातील जेवण व खाऊ यांचा खर्च दिवसाला ४५ रुपये धरला तर १,०८० रुपये. महिन्यात दोन दिवस गाडी रखडून तिला सव्वासात वाजले, तर आणखी २०० रुपये. एकूण ९,८८० रुपये. दुसऱ्या पाळणाघरात ८,००० रुपये आणि त्या दोन संध्याकाळचे २००, एकूण ८,२००. मूल दोन्हीकडे साधारण २३० तास राहिले. ‘स्वस्त’ पाळणाघराचा तास ४३ रुपयांना पडला, ‘महाग’ पाळणाघराचा ३६ रुपयांच्या आत.

हीच स्त्री दुपारी साडेचारला मोकळी होणारी शिक्षिका असती, तर हिशेब उलटला असता. तिला पहिले पाळणाघर ६,०८० रुपयांत मिळते, आणि दुसरीकडे ती न वापरलेल्या संध्याकाळचे पैसे भरते. यास्तव ‘चांगले व स्वस्त पाळणाघर कोणते’ या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही. आपल्या घड्याळाचे वेळापत्रक हातात घेऊनच दरपत्रक वाचावे लागते. प्रवेशशुल्क, अनामत, मे महिन्याच्या सुटीतील फी आणि मूल आजारी पडल्यास होणारी वा न होणारी सूट, या बाबी वर्षाच्या हिशेबात धरून बाराने भागाव्यात.

आता दोन्ही फींतील ३,००० रुपयांचा फरक कशाचा, ते पाहू. बाईचा पगार १२,००० रुपये धरला, तर बारा मुलांमागे एक बाई असताना प्रत्येक मुलावर १,००० रुपये पडतात, सहा मुलांमागे एक असताना २,०००. म्हणजे फरकातील १,००० रुपये निव्वळ अधिक हातांचे आहेत. जेवणाचे १,०८०. उरलेल्या ९२० रुपयांत रोजचे तीन तास अधिक मिळतात, तासाला १३ रुपयांनी. तोच संध्याकाळचा तास पहिले पाळणाघर १०० रुपयांना विकते. कमी फीचे रहस्य बव्हंशी येथेच दडलेले आहे.

मात्र प्रमाणाचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. दुसऱ्या पाळणाघरात सहा मुलांमागे एक बाई असे सांगितले जाते. दिवस अकरा तासांचा. तीन बाया सतत हजर ठेवायच्या तर रोज ३३ बाई-तास लागतील. प्रत्येकीचा कामाचा दिवस आठ तासांचा, म्हणजे हाती येतात २४. तेव्हा एका वेळी सरासरी दोनच बाया हजर असणार आणि एकीच्या वाट्याला आठ-नऊ मुले येणार. आणि खरोखर तिघी अकरा तास हजर असतील, तर त्यांच्याकडून रोज तीन तास अधिक काम करून घेतले जाते, हे उघड आहे. त्याचा जादा मोबदला त्यांना मिळतो काय, हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे. स्वतःची मुले कोणाकडे तरी सोडून आलेल्या या बायांच्या पगारातूनच पुष्कळदा फीची स्वस्ताई निघते. शिवाय सांगितलेल्या आकड्यात स्वयंपाकीण, झाडलोट करणारी आणि स्वतः संचालिकाही मोजलेली असते. परीक्षा सोपी आहे. दुपारी एकच्या सुमारास, जेवणे चालू असताना, न कळवता जावे. पुन्हा संध्याकाळी सहाला जावे. आणि मुलांजवळ प्रत्यक्ष किती जणी आहेत त्या मोजाव्यात. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असे प्रमाण सांगितले. आपले पहिले पाळणाघर तान्ह्या मुलांच्या बाबतीत बारावर आहे, म्हणजे कागदावरच नापास.

उशिराच्या आकारणीबद्दल अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांपैकी सहांत, दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड बसविण्यात आला. नीझी आणि रुस्तिकीनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, उशीर कमी न होता जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. पालकांनी दंडाला किंमत मानले; पैसे मोजले की संकोच संपला. यावरून दंड वाढवावा असे आमचे संचालक म्हणतील. पण मुंबईच्या परिचारिकेचा वा दुकानातील विक्रेतीचा उशीर हा तिच्या इच्छेचा नसतो. तो पाळीबदलीचा आणि लोकलचा असतो. दंडाने गाडी वेळेवर येत नाही. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे सवलतीची असावीत, पुढची आकारणी मिनिटांवर व्हावी, आणि ती रक्कम थांबून राहिलेल्या बाईच्या हाती पडावी. आमच्या मते या तिन्ही अटी दरपत्रकावर लेखी हव्यात.

सरकारी पाळणाघरांचे काय? १ जानेवारी २०१७ पासूनच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत फी नाममात्र होती: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास महिना २० रुपये, बारा हजारांपर्यंत उत्पन्नास १००, त्यापुढे २००. पंचवीस मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस. पण वेळ साडेसात तासांची. आठ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन तास असलेल्या कामगार स्त्रीला उरलेल्या अडीच तासांसाठी शेजारणीला पैसे द्यावे लागत असतील, तर २० रुपयांचे पाळणाघर तिला २० रुपयांना पडत नाही. २०१७ च्याच प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही दिली. परंतु त्या पाळणाघराचा खर्च कोणी सोसावा, याविषयी दुरुस्तीत एक अक्षर नव्हते. कामगार संघटनेच्या मागणीपत्रात ‘पाळणाघर हवे’ एवढेच लिहिणाऱ्या आमच्या साथींनी पुढील करारात त्याचे तास, जेवण, बायांची संख्या आणि खर्चाची वाटणी ही कलमेही घालून घ्यावीत.