विश्लेषण : भिवंडीच्या छोट्या टेम्पोला कोणते इंधन परवडते? पेट्रोल, डिझेल, सीएनजी की वीज?

माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांबाहेर सकाळी छोट्या टेम्पोंची रांग लागते. ठाणे, मुलुंड, अंधेरीकडे माल पोहोचवायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे, असा त्यांचा दिवस. नवा टेम्पो घेताना मालकाला पूर्वी एकच प्रश्न पडायचा : डिझेल की सीएनजी? आता त्याच आकाराची गाडी चारही पर्यायांत मिळते. टाटा मोटर्सने जून २०२५मध्ये ‘एस प्रो’ हा पाऊण टन माल वाहणारा मिनी ट्रक पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक अशा तीन रूपांत आणला. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये ‘एस गोल्ड प्लस’ हा ९०० किलो वाहणारा डिझेल टेम्पो आला. एकाच कुळातल्या गाड्या असल्याने इंधनांची तुलना करणे सोपे झाले. पण शोरूममध्ये फक्त ‘किलोमीटरला किती पैसे’ एवढेच सांगितले जाते, आणि गल्लत तिथेच होते.

इंधनाचा किलोमीटरमागे खर्च किती?

आधी तोच आकडा काढू. मुंबई महानगर परिसरातील २०२५ अखेरचे दर ढोबळमानाने असे धरू : पेट्रोल १०४ रुपये लिटर, डिझेल ९० रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो. जाहिरातीतले मायलेज इथे उपयोगाचे नाही. भरलेला टेम्पो, काल्हेर-कशेळीची कोंडी आणि माजिवड्याचा सिग्नल हे सगळे धरून पेट्रोलवर लिटरला १६, डिझेलवर लिटरला १८ आणि सीएनजीवर किलोला २० किलोमीटर मिळतात, असे मानू. म्हणजे इंधनाचा खर्च पेट्रोलवर साडेसहा रुपये, डिझेलवर ५ रुपये आणि सीएनजीवर ४ रुपये.

इलेक्ट्रिकचा हिशोब बॅटरीवरून नव्हे, वीज मीटरवरून करायला हवा. ‘एस प्रो’ची बॅटरी १४.४ युनिटची आहे आणि कंपनी एका चार्जिंगमध्ये १५५ किलोमीटरचा पल्ला सांगते. रस्त्यावर, मालासह, त्यातले शंभर-एकशेदहा किलोमीटर हाती लागतील असे धरणे शहाणपणाचे. शिवाय प्लगपासून बॅटरीपर्यंत जाताना थोडी वीज उष्णतेत जाते. ती मिळून शंभर किलोमीटरला मीटरवर १५ युनिट पडतात. युनिट १० रुपयांचे असेल तर किलोमीटरला दीड रुपया. सार्वजनिक चार्जरवर युनिटला २० रुपये मोजले तर ३ रुपये.

इथवर पाहिले तर इलेक्ट्रिकने बाजी मारली असे वाटते. पण हा अर्धाच हिशोब आहे.

मग उरलेला अर्धा कोणता?

टेम्पो उभा असला तरी हप्ता थांबत नाही. बाजारात आले तेव्हा ‘एस प्रो’ पेट्रोलची किंमत ३.९९ लाख, सीएनजीची ४.९९ लाख आणि इलेक्ट्रिकची साडेसहा लाख होती. सप्टेंबर २०२५मध्ये मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच ५ टक्के असल्याने तिची किंमत त्यामुळे हलली नाही. कपात पूर्णपणे ग्राहकापर्यंत आली असे धरले तर पेट्रोल टेम्पो सुमारे ३.७० लाखांना आणि सीएनजी ४.६० लाखांना पडतो. करकपातीने इलेक्ट्रिकची स्पर्धा अधिक कठीण केली, हे फारसे बोलले गेले नाही. डिझेलची गाडी साडेपाच लाखांच्या आसपास आहे.

आता पाच वर्षांचे कर्ज. ११ टक्के व्याजाने एका लाखामागे पाच वर्षांत साधारण ३० हजार रुपये व्याज जाते. इलेक्ट्रिकसाठी वित्तसंस्था जास्त दर लावतात असे गृहीत धरून १३ टक्के घेतले, तर ते साडेछत्तीस हजार होते. शेवटी गाडी विकून येणारी रक्कम वजा करायची. पेट्रोलला १.३०, सीएनजीला १.७०, डिझेलला २.२० आणि इलेक्ट्रिकला १.५० लाख मिळतील, असा सावध अंदाज करू. या बेरीज-वजाबाकीनंतर पाच वर्षांचा स्थिर खर्च पेट्रोलचा ३.५१ लाख, सीएनजीचा ४.२८ लाख, डिझेलचा ४.९५ लाख आणि इलेक्ट्रिकचा ७.३७ लाख येतो. विमा आणि चालकाचा पगार चौघांनाही जवळपास सारखा मानून बाहेर ठेवला आहे.

देखभालीला किलोमीटरमागे पेट्रोलसाठी ६०, सीएनजीसाठी ७०, डिझेलसाठी ८० आणि इलेक्ट्रिकसाठी ४० पैसे धरू. सीएनजीच्या खर्चात दर तीन वर्षांनी सक्तीने करावी लागणारी टाकीची दाबचाचणीही येते. इलेक्ट्रिकला ऑइल, क्लच, फिल्टर नाहीत. टायर आणि ब्रेक मात्र आहेतच.

दिवसाला किती किलोमीटर धावल्यावर काय परवडते?

वर्षाला ३०० दिवस आणि दिवसाला ८० किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांत १ लाख २० हजार किलोमीटर झाले. या धावेवर सगळे मिळून किलोमीटरचा खर्च पेट्रोलवर सुमारे १० रुपये, डिझेलवर ९ रुपये ९० पैसे, सीएनजीवर ८ रुपये २५ पैसे आणि १० रुपयांच्या विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रिकवर ८ रुपये येतो. चार रुपये विरुद्ध दीड रुपया अशी भासणारी दरी प्रत्यक्षात पंचवीस पैशांची निघाली.

म्हणून खरा प्रश्न रोजच्या धावेचा आहे. याच आकड्यांवर दिवसाला सुमारे २१ किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्याला पेट्रोलच स्वस्त पडते. भिवंडीतल्या भिवंडीत माल हलवणाऱ्या दुकानदाराने शेजाऱ्याचा इलेक्ट्रिक टेम्पो पाहून हळहळायचे कारण नाही. २१पासून सुमारे ७४ किलोमीटरपर्यंत सीएनजी आणि त्यापुढे इलेक्ट्रिक. माणकोलीहून अंधेरीला एकच फेरी मारून येणारा टेम्पो या सीमारेषेच्या अगदी आसपास असतो. त्याचा निकाल इंधनापेक्षा तो रात्री कुठे उभा राहतो, यावर लागतो.

वीज कोणत्या मीटरवरून घेतली, याने काय फरक पडतो?

भिवंडीत महावितरणची वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर जानेवारी २००७पासून वीज देते. दर मात्र राज्य वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागू होतात. घरगुती दर टप्प्यांचे आहेत : वापर वाढला की वरचे युनिट महाग. दिवसाला ८० किलोमीटरसाठी १२ युनिट, म्हणजे महिन्याला ३०० युनिट वाढतात. घराचा वापर दीड-दोनशे युनिट असेल तर टेम्पोचे बहुतेक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात जातात. ते सरासरी १५ रुपयांना पडले, तर सीएनजीशी बरोबरी व्हायला रोज ७४ नव्हे, १०० किलोमीटर धावावे लागते. २० रुपयांच्या सार्वजनिक चार्जरवर ही मर्यादा १५८ किलोमीटरवर जाते. तेवढे अंतर एका चार्जिंगमध्ये होतच नाही.

यावर उपाय आहे. वाहन चार्जिंगसाठी आयोगाने वेगळा दरवर्ग ठेवला आहे आणि त्याखाली स्वतंत्र जोडणी मागता येते. गाडीची नोंदणी करण्यापूर्वीच त्या जोडणीचा अर्ज, अनामत आणि स्थिर आकार विचारून घ्यावा. पण चाळीत राहणारा आणि टेम्पो रस्त्याकडेला लावणारा मालक जोडणी घेणार कुठे? इलेक्ट्रिकला अनुदान देण्याच्या चर्चा खूप होतात. भिवंडीत त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे गोदामांच्या आवारात, माल भरण्याच्या जागी, वाजवी दराची चार्जिंग सोय. ३ किलोवॅटच्या साध्या सॉकेटवर १२ युनिट भरायला चार तास पुरतात. टेम्पो माल भरण्यासाठी कित्येकदा त्याहून जास्त वेळ ताटकळतो.

सीएनजीच्या रांगेचा हिशोब कोण करतो?

बहुतेक मालक करत नाहीत. एक दिवसाआड तासभर रांगेत गेला आणि चालकाच्या तासाचे १०० रुपये धरले, तर रोजचे ५० रुपये, म्हणजे ८० किलोमीटरवर किलोमीटरमागे ६२ पैसे होतात. ते जोडले की ७४ किलोमीटरची सीमारेषा ६०वर येते. रांगेमुळे दुसरी फेरी चुकत असेल तर नुकसान याच्या कितीतरी पट. नोव्हेंबर २०२५मध्ये चेंबूरच्या आरसीएफ आवारात गेलची मुख्य वाहिनी खराब झाली, वडाळ्याच्या केंद्राकडे जाणारा गॅस घटला आणि मुंबई-ठाण्यातले अनेक पंप बंद पडले. ‘एस प्रो’च्या सीएनजी गाडीत पाच लिटरची पेट्रोलची टाकी अशा वेळेसाठीच आहे, ८० किलोमीटर त्यावर निघतात, पण त्या दिवशीचा दर पेट्रोलचा.

डिझेल मग बाद झाले का?

पार्सल वाहणाऱ्यासाठी जवळजवळ बाद. खोक्यांनी हौदा भरतो, पण वजन पाऊण टनापर्यंत जात नाही. यंत्रमागाच्या कापडाचे तागे किंवा सुताच्या गोण्या वाहणाऱ्याचे गणित वेगळे. डिझेल टेम्पो ९०० किलो उचलतो, सीएनजी ७५०. दोन्ही पूर्ण भरून चालले तर वरच्याच हिशोबात टनामागे किलोमीटरला दोघांचाही खर्च ११ रुपयांच्या आसपास, म्हणजे सारखाच येतो. त्यात रांग नाही आणि लांबच्या भाड्याला नकार द्यावा लागत नाही. जड मालवाल्याला डिझेल अजून खुणावते ते यामुळे.

यातला सर्वात कच्चा आकडा कोणता?

इलेक्ट्रिकची विक्री किंमत. या प्रकारच्या टेम्पोंचा जुना बाजार अजून उभा राहायचा आहे. पाच वर्षांनी दीड लाखांऐवजी ५० हजारच हाती आले, तर किलोमीटरमागे ८३ पैसे वाढतात आणि ८० किलोमीटर धावणाऱ्यासाठी सीएनजी पुन्हा पुढे जाते. त्यामुळे बॅटरीची हमी किती वर्षे, किती किलोमीटर, क्षमता किती टक्क्यांखाली घसरल्यावर बदलून मिळते आणि ती दुसऱ्या मालकाकडे जाते का, हे कागदावर वाचून मगच सही करावी.

मायलेजचे आकडेही प्रत्येकाने आपले घालावेत. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर टिपायचे, आठवडाभर नेहमीच्या भाड्यावर चालवायचे, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायचे आणि भागायचे. इलेक्ट्रिक घेण्याआधी विक्रेत्याकडून गाडी दोन दिवस चाचणीला मागावी, नेहमीचा माल भरून नेहमीच्या रस्त्याने न्यावी आणि डॅशबोर्डवरचे युनिट न पाहता सॉकेटला जोडलेल्या मीटरचे आकडे लिहून घ्यावेत.