हिरवा आकडा आणि आपला अंधार

मंडळी, वळवाचं वारं सुटलं, की महाळुंग-श्रीपूर भागात लाइट जाते. मग सगळे एकदम हेल्पलाइनला फोन लावतात आणि कानाशी नुसतं संगीत वाजत राहतं. 1912 असो, गॅस असो की मोबाइल, मी कुणा एका कंपनीवर बोट ठेवत नाही. माझं भांडण आहे ते कॉल सेंटरच्या भिंतीवरच्या स्क्रीनशी. कारण तिथं जो आकडा सगळ्यात मोठा, त्याच्याच मागे अख्खा हॉल पळतो.

बहुतेक वेळा मोठा असतो 'सरासरी हँडलिंग टाइम'. म्हणजे एका कॉलचं बोलणं, होल्ड आणि नंतरची नोंद मिळून लागलेला वेळ. समजा आठ जण बसलेत आणि एका कॉलला तीन मिनिटं लागतात. तासाला 160 कॉल होतात. साहेब म्हणाले, दोन मिनिटांत उरका. आता 240 झाले, आकडा हिरवा! पण घाईत डीपी कुठला, गाव कुठलं हे नीट लिहिलंच नाही, म्हणून त्यातले 80 जण पुन्हा फोन करतात. म्हणजे खरी कामं झाली तेवढीच, 160. वर आपला मनस्ताप वेगळा.

दुसरी गंमत, कंटाळून फोन ठेवणाऱ्यांच्या टक्केवारीची. दिवसभरात 500 कॉल आले, 25 जणांनी मध्येच ठेवले. पाच टक्के, सगळं छान! पण त्यातले 20 जण रात्री आठ ते नऊमधले असतील आणि त्या तासात कॉलच 50 आले असतील, तर ते झाले 40 टक्के. नेमका अंधाराचा तास दिवसाच्या सरासरीत बुडाला.

म्हणून स्क्रीनची मांडणी बदला. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, रांगेतला सगळ्यात जुना माणूस किती मिनिटं थांबलाय ते दाखवा. रांगेत बारा जण आहेत एवढ्यावरून काही कळत नाही. एकजण नऊ मिनिटं लटकलाय, हे कळलं तर कुणीतरी उठेल. त्याखाली मागच्या अर्ध्या तासात किती टक्के लोकांनी फोन ठेवला ते. पाच-दहा सेकंदांत ठेवलेले राँग नंबर खुशाल वेगळे काढा, पण तो आकडाही शेजारी दिसू द्या. नाहीतर खरे कंटाळलेलेही त्यातच ढकलले जातात. हँडलिंग टाइम भिंतीवरून काढा. तो सुपरवायझरच्या स्क्रीनवर ठेवा, आणि शेजारी 'त्याच तक्रारीचे परत आलेले कॉल' दाखवा. वेळ घटला आणि परतीचे कॉल वाढले, तर काम झालेलं नाही, नुसते फोन कापलेत.

स्क्रीन बदलून माणसं वाढणार नाहीत, हे मान्य. पण कमी पडतात कधी आणि किती, हे तरी लपणार नाही. आणि कुणाला ते लपवायचंच असेल, तर आताची मांडणी एकदम झकास आहे!