बदामाचा अर्थ होकार नव्हे



आमच्या शेजारच्या मुलीने यूट्यूबवर व्हिडिओ पाहून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला घेतला. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचाच होता. खालच्या कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिले होते, ‘धन्यवाद सर, मी जुनाच दाखला जोडला.’ त्यापुढे लाल बदाम होता. ‘सरांनी होकार दिलाय,’ असे म्हणून पोरीने जुना दाखला जोडला. फॉर्म त्रुटीत निघाला.

चूक कुठे झाली ते समजून घेऊ. बदामाला चॅनेलवाल्याचा छोटा फोटो चिकटलेला असेल, तर तो बदाम त्याने स्वतः दिलेला असतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की त्याला ती कॉमेंट आवडली. बदाम बहुधा ‘धन्यवाद’ या शब्दाला मिळाला असावा. त्याने दाखला तपासला नव्हता.

आता पिनचे पाहू. सर्वांत वर असलेल्या कॉमेंटवर Pinned by आणि चॅनेलचे नाव दिसले, तर ती चॅनेलवाल्याने मुद्दाम वर टाचून ठेवलेली असते. एका व्हिडिओला अशी एकच कॉमेंट टाचता येते. व्हिडिओत चूक झाली किंवा तारीख बदलली, तर दुरुस्ती बहुधा तिथेच मिळते. म्हणून ती आधी वाचावी. मात्र तिथे नुसती जाहिरातही असू शकते, आणि ती कॉमेंट दुसऱ्या प्रेक्षकाचीही असू शकते. म्हणून लिहिणाऱ्याचे नाव पाहावे.

खरे उत्तर शोधायचे कसे? उत्तरे आलेल्या कॉमेंटखाली किती उत्तरे आली तो आकडा असतो. त्या आकड्याशेजारी चॅनेलचा गोल फोटो दिसला, तर चॅनेलवाल्याने तिथे उत्तर दिले आहे असे समजावे. आकड्यावर बोट ठेवले की उत्तरे उघडतात. त्यांत चॅनेलवाल्याचे नाव वेगळ्या रंगाच्या पट्टीत उठून दिसते. आमच्या पोरीने पुढे असाच दुसरा प्रश्न उघडला, तेव्हा त्या पट्टीखाली स्पष्ट लिहिलेले होते, ‘चालू वर्षाचाच दाखला लागेल.’ ते उत्तर तिथे आधीपासून होते!

एक सावधगिरी सांगतो. चॅनेलचाच फोटो आणि मिळतेजुळते नाव लावून भामटे उत्तर देतात, ‘टेलिग्रामवर या, पैसे पाठवा.’ फोटो कुणालाही चोरता येतो, पण ती रंगीत पट्टी फक्त खऱ्या चॅनेलच्या नावाला मिळते. पट्टी नसेल तर नावावर बोट ठेवून चॅनेल उघडावे. तिथे तो व्हिडिओ नसला, तर माणूस तोतया समजावा.

आणि उत्तर खरे असले, तरी ते एका माणसाचेच असते. फॉर्म पाठवण्यापूर्वी कागदपत्रांची यादी शाळा-कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावी. त्या पोरीने आता नवा दाखला काढायला टाकला आहे.