मालक नाही, म्हणून अनुभवही नाही?

नोकरीच्या अर्जात ‘अनुभव’ या शीर्षकाखाली सहसा तीन रकाने असतात: संस्थेचे नाव, पद आणि कालावधी. ज्याच्या कामाला मालकच नव्हता, त्याचे हे रकाने कोरे राहतात आणि छाननीत त्याला अनुभवाचे शून्य गुण मिळतात. या शून्याचा अर्थ ‘काम केलेले नाही’ असा लावला जातो. माझ्या मते त्यातून एवढेच सिद्ध होते की, कामाचे प्रमाणपत्र देणारा कुणी नव्हता.

देशाची सांख्यिकी मात्र हे काम मोजते. घरच्या दुकानात किंवा शेतावर बिनपगारी राबणाऱ्यांना नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण रोजगारातच धरते. 2023-24 च्या सर्वेक्षणात काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के स्वयंरोजगारात होते, तर नियमित पगारदार अवघे 21.7 टक्के. स्वयंरोजगारातील जवळपास एकतृतीयांश हे असे घरचे मदतनीस होते. म्हणजे रोजगाराचा आकडा सांगताना जो ‘कामकरी’ असतो, तोच नोकरी मागायला आला की ‘अननुभवी’ ठरतो. गिग कामगाराची अडचण आणखी वेगळी आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधांबाहेरचा कामगार अशी केली आहे. मग त्याने अनुभवाचे पत्र मागायचे कुणाकडे?

हे काम मोजणे अवघड नाही. समजा, कानपूरचा एक वाणिज्य पदवीधर गोदामातील साठा-साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करतो. त्याने तीन वर्षे आठवड्याला 8 तास वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात मालाची नोंद ठेवली, दोन वर्षे आठवड्याला 12 तास शिकवण्या घेतल्या आणि पदवीनंतर एक वर्ष आठवड्याला 24 तास घरपोच वस्तू पोहोचवल्या. आठवड्याचे 48 तास पूर्णवेळ मानले, तर या तिन्ही कामांचे प्रत्येकी सहा महिने भरतात. आता पदाशी असलेला संबंध पाहू. दुकानातील काम पूर्ण धरावे, वस्तू पोहोचवण्याचे निम्मे आणि शिकवणीचे पाव. बेरीज साडेदहा महिने होते. संबंधित कामाच्या 24 महिन्यांना 30 गुण असतील, तर त्याला 13 गुण मिळतात. शिकवणी केंद्रातील समन्वयकाच्या जागेसाठी हेच प्रमाण उलटे झाले असते. म्हणून कामाचे वजन जाहिरातीबरोबरच ठरवावे. अर्ज पाहून ठरवले तर त्यात पक्षपात शिरतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोटेपणाचा, आणि तो रास्त आहे. आठवड्याचे तास हीच पहिली चाळणी: एकाच काळात दाखवलेल्या कामांचे आणि महाविद्यालयाचे तास मिळून आठवड्यात बसत नसतील, तर दावा फुगवलेला आहे. दुसरी चाळणी पुराव्याची: ॲपमधील कमाईचा तपशील, बँक खात्यातील जमा, दुकानाची वही, पालकांचा दूरध्वनी. तिसरी चाळणी मी सर्वांत भरवशाची मानतो. ‘कोणता माल पडून राहिला आणि त्याचे काय केले?’ या प्रश्नावर खरोखर वही सांभाळणारा खिळ्यांच्या मापापासून बोलू लागतो. केवळ गल्ल्यावर बसलेला ‘सगळे व्यवस्थित होते’ म्हणून थांबतो. प्रत्येक उमेदवाराला तोच प्रश्न विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण दिले, तर कागद नसलेल्यालाही संधी मिळते.

तरीही दोन मर्यादा विसरता येणार नाहीत. घरचे दुकान ज्याच्याकडे आहे, त्यालाच तो अनुभव मिळतो. ज्याच्या घरी ना दुकान ना जमीन, त्याची मजुरी मोजली नाही, तर ही सुधारणा आधीच सावरलेल्यांनाच हात देईल. आणि त्याच दुकानात हिशेब लिहिणारी बहीण आपल्या कामाला ‘घरी थोडी मदत’ म्हणते, म्हणून ते अर्जात येतच नाही. यासाठी रकान्याचे शब्द बदलायला हवेत: ‘संस्थेचे नाव’ विचारण्याऐवजी ‘काय केले, आठवड्याला किती तास, किती महिने’ असे विचारावे.

शासनाचे काम यापुढे सुरू होते. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांच्या नोंदणीचा कायदा केला, तो कल्याण योजनांसाठी. अशा नोंदणीला कामाच्या इतिहासाची जोड हवी. खाते बंद झाले की कमाईचा तपशील कामगाराच्या हातून निसटू शकतो, म्हणून त्याचा सही-शिक्क्याचा उतारा मागण्याचा हक्क कायद्याने द्यावा. पूर्वज्ञानाच्या मान्यतेची योजना कौशल्य विकास कार्यक्रमात आहेच, परंतु ते प्रमाणपत्र छाननीच्या गुणांत धरायचे की नाही, हे नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. किमान सरकारी कंत्राटी भरतीत तरी ही मर्जी संपवून नियम करावा. ज्या श्रमाच्या बळावर रोजगाराचा आकडा फुगतो, त्याला भरतीच्या टेबलावर शून्य देण्याचा अधिकार सरकारला नाही.